ऑब्झर्व्हरला हात लावू नकोस

मी तापट माणूस आहे. बावीस वर्षं लखनौत राहूनही माझ्या तोंडात ती इथली 'पहले आप' वगैरे मिठास काही आली नाही. मिरजेहून आलो तेव्हा जसा फटकळ होतो, तसाच अजून आहे. बायको सरला म्हणते, तुमच्याशी बोलायचं म्हणजे गरम तवा पदराशिवाय उचलायचा. तर असा मी, आणि त्या आठवड्यात जिथे बोलायला हवं होतं तिथे नेमका गप्प बसलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला नको.

आमची कंपनी छोटी. कारखान्यांमधल्या क्रेनला झोका आवरणारी यंत्रणा बसवते. छताखालच्या रुळांवर ट्रॉली धावते, तिच्या दोरांना वीस-वीस टनांचा माल लटकतो. ट्रॉली थांबली की माल झुलतो, आणि तो झुलायचा थांबेपर्यंत सगळे हातावर हात ठेवून उभे. आमचा कंट्रोलर ट्रॉलीला असं मागे-पुढे हलवतो की झोका मरतो. त्यासाठी त्याला झोका किती आहे, कुठल्या बाजूला आहे आणि किती वेगाने आहे, हे दर क्षणी कळायला हवं.

झोका मोजत मात्र आम्ही नाही. कॅमेरा लावून पाहिला होता, पण वेल्डिंगचा झगमगाट आणि धूळ यांत तो दोन दिवसांत आंधळा झाला. मग झोक्याचा अंदाज काढायचा. मोटर किती जोर लावतेय ते आम्हाला माहीत असतं, ट्रॉली किती सरकली ते चाकावरचा एन्कोडर सांगतो. जड माल झुलताना ट्रॉलीला ओढतो. दावं धरलेल्या माणसाला म्हैस कुठे ओढतेय ते मान न वळवता कळतं ना, तसंच. हा अंदाज काढणारं जे गणित कंट्रोलरच्या पोटात चालतं, त्याला ऑब्झर्व्हर म्हणतात. खऱ्या क्रेनच्या शेजारी एक कागदी क्रेन चालवायची, खरी ट्रॉली आणि कागदी ट्रॉली यांच्या जागेत फरक पडला की त्या फरकाला एका आकड्याने गुणून कागदी क्रेनला दुरुस्त करायचं. अंदाजातली चूक किती वेगाने मरेल ते त्या गुणाकारावर ठरतं. तो वेग सांगणारे आकडे म्हणजे ऑब्झर्व्हरचे पोल; ते उणे असतात, आणि शून्यापासून जितके लांब तितका वेग जास्त.

नेत्रा कंपनीत आली त्या पहिल्याच आठवड्यात मी तिला फळ्यावर हे शिकवलं होतं. नेत्रा मराठी आहे, वडील फौजेत सुभेदार होते, घर वृंदावन योजना या वसाहतीत, आमच्यापासून दोन सेक्टर सोडून. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत.

"आंधळ्याला रस्ता सांगणारा आंधळ्यापेक्षा चार पावलं पुढे पाहिजे," मी म्हणालो होतो. "आधी कंट्रोलरचे पोल ठरवायचे. मग ऑब्झर्व्हरचे त्याच्या चौपट-पाचपट वेगाचे. कंट्रोलर उणे शून्य पॉइंट सहाच्या आसपास असेल, तर ऑब्झर्व्हर उणे तीनच्या आसपास."

"तो दस गुना क्यों नहीं, सर? बीस गुना?"

"कारण मग तो गुणाकाराचा आकडा भलता मोठा होतो. एन्कोडरमध्ये बारीकशी थरथर असली तरी ती त्याच आकड्याने गुणली जाते, आणि मोटर पिसाळते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा."

तिने वहीत लिहून घेतलं. म्हण सुद्धा लिहून घेतली, मला हसू आलं होतं.

ज्या कारखान्याची ही गोष्ट, तिथे पुलांचे गर्डर बनतात. क्रेन जुनी, एन्कोडरचं चाक झिजलेलं. आम्ही यंत्रणा चालू केली आणि गिअरबॉक्स गुरगुरायला लागला. एन्कोडरची थरथर वेगवान ऑब्झर्व्हरमधून फुगून मोटरपर्यंत पोचत होती. नवा एन्कोडर यायला सहा आठवडे. कारखान्याचा मॅनेजर माझ्या डोक्यावर उभा. मी लॅपटॉप उघडला आणि ऑब्झर्व्हरचे पोल उणे तीनवरून उणे एकवर आणले. आवाज बंद. कंट्रोलर उणे पॉइंट सहालाच होता, म्हणजे ऑब्झर्व्हर अजून पुढेच होता, पण जेमतेम. तात्पुरतं आहे, असं मी स्वतःला सांगितलं. या देशात तात्पुरत्याइतकं टिकाऊ दुसरं काही नसतं, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे.

दोन महिन्यांनी कारखान्याने कुरकुर केली, झोका मरायला वेळ लागतो, काम खोळंबतं. आमचे मालक अभिरामजी यांनी नेत्राला पाठवलं. मी त्या दिवशी कानपूरला दुसऱ्या साइटवर होतो. तिने कंट्रोलरचे पोल उणे दीडवर नेले आणि मला मेसेज केला. सर, कंट्रोलर १.५ कर दिया है, ऑब्झर्व्हर अभी १ पर ही है, उसे ६ पर ले जाऊँ क्या? बरोबर विचारलं होतं पोरीने. चौपट. मीच शिकवलेलं.

मी जेवत होतो. डोक्यात फक्त तो गुरगुरणारा गिअरबॉक्स आला. एन्कोडर अजून आलेलाच नव्हता. एका हाताने उत्तर टाइप केलं: ऑब्झर्व्हरला हात लावू नकोस. सिम्युलेशन बघ, नीट असेल तर दे लावून.

खरं उत्तर होतं, एन्कोडर येईपर्यंत कंट्रोलरलाही हात लावू नकोस. तेवढं लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं.

तिने सिम्युलेशन चालवलं, ते सुंदर आलं. ते सुंदर येणारच होतं, आणि हा मूर्खपणा आमच्याच धंद्यातले लोक करू शकतात. सिम्युलेशनमध्ये माल सुरुवातीला स्थिर, म्हणजे खरा झोका शून्य. ऑब्झर्व्हरचा अंदाजही शून्यापासून सुरू. दोघांत सुरुवातीला फरकच नाही, मग चूक मरायला किती वेळ लागतो हे दिसणार कुठून? चूकच नाही. ऑब्झर्व्हरचे पोल काहीही ठेवा, आलेख तोच. पाठ्यपुस्तकही वर धीर देतं की कंट्रोलर आणि ऑब्झर्व्हर वेगवेगळे ठरवा, दोन्ही स्थिर असतील तर एकत्रही स्थिर राहतात. ते खरंच आहे. पण स्थिर म्हणजे कधी ना कधी शांत होणारं, आणि मधल्या वेळात काय होईल याची हमी पुस्तक देत नाही. प्रत्यक्ष चाचणीही स्थिर लटकवलेल्या मालावरच झाली. चाचणीच्या अहवालावर सही माझी. बघितल्याशिवाय केली.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला कारखान्यात वीज गेली. दीड मिनिटासाठी. गर्डर घेऊन निघालेली ट्रॉली ब्रेक लागून जागच्या जागी थांबली, गर्डर झुलायला लागला. खाली राजेश होता. राजेश खलासी, म्हणजे मालाला साखळ्या बांधणारा आणि हाताच्या इशाऱ्यांनी क्रेन नेणारा. या कामात त्याची अठ्ठावीस वर्षं गेलेली. त्याने झोका पाहिला, मागे सरकला आणि एका खांबाजवळ जाऊन उभा राहिला. वीज आली. ऑपरेटरने रीसेट करून बटण दाबलं. गर्डरचा झोका कमी व्हायच्या ऐवजी वाढला, आणि तिसऱ्या हेलकाव्याला गर्डरचं टोक खांबापर्यंत पोचलं. मध्ये राजेश होता.

रविवारी मी ट्रॉमा सेंटरमध्ये गेलो. कंबरेचं हाड चुरा झालेलं, पोटात रक्त. पण तो शुद्धीत होता. शेजारी त्याची बायको नीलम स्टीलच्या डब्यात मोसंबीचा रस घेऊन बसली होती. त्याने मला ओळखलं, यंत्रणा बसवताना आठवडाभर तो माझ्याबरोबर होता. आमच्या चहाची वेळ त्यानेच ठरवून टाकली होती, साडेदहा, एक मिनिटही इकडे-तिकडे नाही.

"साहब," तो म्हणाला, "मैं ग़लत खड़ा था क्या?"

मी काहीतरी पुटपुटलो.

"सब कह रहे हैं झूले के अंदर खड़ा था. सुपरवाइज़र भी कह गया. पर साहब, मैंने नाप के देखा था आँख से. ट्रॉली खड़ी हो तो झूला घटता है, बढ़ता नहीं. मैं दो हाथ बाहर था."

"अभी जाँच चल रही है, राजेश भाई. तुम आराम करो."

"अट्ठाईस साल में कभी ग़लत नहीं खड़ा हुआ," तो म्हणाला. "पर मशीन तो हिसाब से चलती है. आप लोग पढ़े-लिखे हैं."

मला तिथून पळावंसं वाटलं. पळालोच म्हणा ना, दहा मिनिटांत बाहेर होतो.

सोमवारी अभिरामजींनी मला आणि नेत्राला बोलावलं. गुरुवारी कारखान्यात चौकशी समिती बसणार होती. कॅमेऱ्याच्या फुटेजमध्ये राजेश झोक्याच्या टप्प्यात उभा दिसतो, कारखान्याचं तेच म्हणणं आहे आणि आमचंही तेच असेल, असं त्यांनी अगदी मऊ आवाजात सांगितलं. कंट्रोलरमधली फाइल शेवटची नेत्राच्या नावाने बदललेली आहे, तेव्हा तो विषय निघालाच तर तिला त्रास होईल, हेही सांगितलं. नेत्रा खाली मान घालून बसली होती. मेसेजचं तिने नाव काढलं नाही.

मंगळवारी दुपारी मी केबिनचं दार लावून बसलो. कंट्रोलरमधले खरे आकडे घेतले आणि सिम्युलेशनमध्ये एकच गोष्ट बदलली. खरा झोका सुरुवातीला सहा अंश, अंदाज शून्य. कारण वीज गेल्यावर कंट्रोलर बंद पडतो आणि पुन्हा सुरू होताना ऑब्झर्व्हर शून्यापासून सुरू करतो. वर गर्डर झुलतोय आणि कागदी क्रेन म्हणते, सगळं शांत आहे.

ऑब्झर्व्हर उणे सहावर ठेवला तेव्हा सव्वा-दीड सेकंदात अंदाज खऱ्या झोक्याला येऊन मिळाला आणि झोका मरत गेला. मग उणे एक टाकला, आमच्या क्रेनवर होता तो. अंदाज सात-आठ सेकंद चाचपडत होता. मधली काही सेकंदं तर तो उलट्या बाजूचा झोका सांगत होता. आणि उणे दीडचा चपळ कंट्रोलर त्या चुकीच्या अंदाजावर पूर्ण विश्वास ठेवून ट्रॉलीला धक्के देत होता. झोपाळ्यावरच्या पोराला चुकीच्या वेळी आवरायला गेलं की उलट झोका चढतो, तसं. सहा अंशांचे चौदा अंश झाले. मग सगळं शांत. पुस्तकात म्हटल्याप्रमाणे स्थिर.

मी गर्डरची लांबी, दोराची लांबी आणि खांबाचं अंतर घेऊन हिशेब केला. सहा अंशांच्या झोक्यात राजेश बाहेर होता. दोन हात बरोबर.

मी नेत्राला आत बोलावलं आणि स्क्रीन दाखवली. तिला समजायला एक मिनिटही लागलं नाही. ती रडायला लागली.

"इनिशियल कंडीशन," ती म्हणाली, म्हणजे सुरुवातीची स्थिती. "मैंने ज़ीरो छोड़ दिया था."

"मी पण बघितलं नाही. आणि ऑब्झर्व्हर सहावर न्यायला तू विचारलं होतंस. तो मेसेज दाखवला का नाहीस अभिरामजींना?"

"डिलीट कर दिया, सर."

"का?"

"आपने सिखाया है मुझे," ती म्हणाली. "आपकी रिटायरमेंट है अगले साल."

चोवीस वर्षांची पोर माझी चूक स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसली होती, आणि मी सोमवारी तिच्याशेजारी बसून मान डोलावली होती. मेसेज माझ्या फोनमध्ये होताच. मी तिला म्हटलं, रडणं बंद कर, मी गुरुवारी सगळं सांगतो. ते मी मनापासून म्हणालो होतो. पण गुरुवारी. आजच का नाही? राजेशला आत्ता जाऊन का सांगितलं नाही? अभिरामजी म्हणाले होते की रुग्णाशी कुणी काही बोलू नये, वकिलाचा सल्ला आहे. मी स्वतःला हे कारण दिलं. खरं कारण असं की समितीपुढे कागद ठेवून बोलणं सोपं असतं. खाटेवरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून, तू बरोबर होतास, चूक माझी, हे म्हणायला छाती लागते, आणि ती माझ्यात नव्हती. बुधवारी मी हज़रतगंजला बँकेच्या कामाला गेलो होतो. येताना रिक्षा ट्रॉमा सेंटरवरून आली. रिक्षावाला म्हणाला, भैया, रोकें क्या, इधर देख रहे हो. मी म्हटलं, चलते रहो.

गुरुवारी अकरा वाजता मी समितीपुढे आलेख ठेवला. मेसेज छापून ठेवला, माझ्या सहीचा अहवाल ठेवला. ऑब्झर्व्हर कंट्रोलरपेक्षा मागे पडला होता, तो मी मागे पाडला होता, या मुलीने विचारलं होतं आणि मी नको म्हणालो, आणि राजेश योग्य जागी उभा होता, एवढं चार वाक्यांत सांगितलं. अभिरामजी माझ्याकडे बघतही नव्हते. समितीतल्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरने आलेख दोनदा पाहिला आणि "हाँ, सही है," म्हणाला. राजेशची चूक हे वाक्य अहवालातून काढायचं, असं तिथेच ठरलं. मला निलंबनाचं पत्र संध्याकाळी मिळालं. ते मिळायलाच हवं होतं, त्याचं मला काही वाटलं नाही.

समिती उठल्याबरोबर मी थेट ट्रॉमा सेंटरला गेलो होतो. वाटेत काय बोलायचं ते हिंदीत जुळवत होतो. राजेश भाई, तुम सही खड़े थे. एवढंच. पुढचं तो विचारेल तसं.

खाटेवर दुसराच कुणी होता, पायाला प्लास्टर घातलेला एक पोरगा. नर्सने वहीत पाहिलं आणि सांगितलं, सुबह पाँच बजे. कारखान्यात अजून कुणी कळवलंच नव्हतं.

नीलम खाली शवागाराबाहेरच्या बाकावर बसली होती, कागद व्हायची वाट बघत. तिच्याजवळ तोच स्टीलचा डबा होता. मी समोर उभा राहिलो. मग खाली, तिच्यासमोर जमिनीवरच बसलो.

"वो सही खड़े थे," मी म्हणालो. "ग़लती उनकी नहीं थी. हमारी थी. मेरी थी. आज लिखवा के आया हूँ."

तिने वर पाहिलं. रडून रडून डोळे कोरडे झाले होते.

"कल दिन भर यही बोलते रहे," ती म्हणाली. "मुझसे ही चूक हुई होगी, नीलम. मशीन ग़लत नहीं होती. बच्चों से कहना, बाप से चूक हो गई."

तिने डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

"आपको आज पता चला, साहब?"

खोटं बोलता आलं असतं. नेत्राला माहीत होतं आणि मला माहीत होतं, बाकी कुणाला कळलं नसतं.

"मंगल को," मी म्हणालो.

तिने बोटांवर मोजल्यासारखं केलं. मंगळ, बुध.

"मंगल को बताते तो वो सुन लेते," ती म्हणाली, आणि डबा पदराखाली घेऊन उठली, कारण आतून कुणीतरी तिचं नाव पुकारत होतं.